साबणाची साय

टाइल पांढरी असेल तर डोळ्यांना बरेच दिवस काही खटकत नाही. हात फिरवला की कळतं. वाळलेल्या भिंतीवर बोटं अडखळतात, तीच भिंत ओली केली की बुळबुळीत लागते, आणि नखाने खरवडलं तर नखात मेणचट, पांढुरका चुरा येतो. शॉवर असलेल्या बाथरूममध्ये हा थर साधारण गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असतो. पाटावर किंवा स्टुलावर बसून, बादली-तांब्याने आंघोळ होत असेल तर तो खाली सरकतो आणि कमरेच्या वर सहसा जात नाही. बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीजवळ बसलेलं राखाडी, चिकट वर्तुळ हाही तोच थर. भिंत खराब झाली आहे की नाही याचा संशय असेल, तर आधी बादली बघावी. तिथे तो लपत नाही.

बहुतेक घरांत या थराला ‘क्षार’ म्हणतात आणि नळाच्या तोटीवर साचलेल्या दगडासारख्या पांढऱ्या खपल्यांच्या हिशेबात टाकून मोकळे होतात. इथेच पहिली चूक होते. तोटीवरची खपली ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे निव्वळ चुनखडी. भिंतीवरचा थर अर्धा चुना आणि अर्धी चरबी असा जोडजन्मा आहे. त्यामुळे नुसत्या साबणाने घासून तो हटत नाही, आणि नुसतं आंबट काही ओतूनही पुरता जात नाही. दोन्ही लागतात, आणि तेही ठरावीक क्रमाने.

साबण म्हणजे काय हे नीट कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर शिजवली की साबण होतो, हे लोकांना कित्येक शतकं माहीत होतं. पण आत नेमकं काय घडतं ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी उलगडून दाखवलं आणि १८२३ साली चरबीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चरबी फुटते, तिच्यातून मेदाम्लं सुटी होतात आणि ती सोडियमशी बांधली गेली की साबण बनतो. सोडियमशी असलेली ही सोयरीक पाण्यात विरघळते, म्हणून साबणाला फेस येतो.

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की सोयरीक मोडते. मेदाम्लं सोडियमला सोडून कॅल्शियमला धरतात, आणि हा नवा पदार्थ पाण्यात अजिबात विरघळत नाही. दह्याच्या कण्यांसारखे त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि जिथे आधार मिळेल तिथे चिकटतात. भिंत, काच, बादली, पडदा, केस, कशालाही. मग त्यात अंगावरचं तेल, मेलेल्या त्वचेचे कण आणि धूळ मिसळते. दिवाळीत पहिल्या आंघोळीला अंगाला तेल चोपडून, उटणं लावून बादल्या उपसल्या जातात. त्यानंतरच्या आठवड्यात बाथरूमची भिंत हमखास जास्त चिकट लागते ती याच कारणाने.

हा थर किती साचू शकतो याचा एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. पाण्याचा जडपणा लिटरला किती मिलिग्राम असा मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. बोअरचं पाणी ४०० चं आहे असं धरलं तर त्यातला एक लिटर जवळपास अडीच ग्राम साबण निकामी करू शकतो. पंधरा लिटरच्या बादलीला झाले पस्तीसेक ग्राम, म्हणजे शंभर ग्रामच्या वडीचा तिसरा हिस्सा. हा हिशेब अर्थात कागदावरचा. आंघोळीत सगळं पाणी सगळ्या साबणाला भेटत नाही, तेव्हा प्रत्यक्षात इतकी नासाडी होत नाही. पण ‘या पाण्यात साबणच लागत नाही’ अशी तक्रार असते तिच्यामागे हेच गणित असतं. न लागलेला साबण नाहीसा झालेला नसतो. त्यातला काही भिंतीवर असतो.

म्हणून एकच साबण, तीच माणसं आणि दोन घरांत दोन वेगळ्या भिंती असा प्रकार दिसतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणा-तलावांतून पावसाचं साठवलेलं पाणी येतं. ते जमिनीत फारसं मुरलेलं नसल्यामुळे मऊ असतं. दादरच्या जुन्या घरात वर्षभर भिंतीकडे न बघणारं कुटुंब पुण्याच्या वाघोलीसारख्या, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या भागात राहायला गेलं, की दोन महिन्यांत टाइलचा रंग उतरल्याची तक्रार सुरू होते. टाइल तीच असते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधून झिरपताना पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, आणि बोअर जितकी खोल तितकं हे ओझं बहुधा वाढतं.

घरचं पाणी कसं आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. एक रिकामी पारदर्शक बाटली अर्धी भरावी, अंगाच्या साबणाचा नखभर कीस त्यात टाकावा, झाकण लावून जोरात हलवावी आणि दोन मिनिटं ठेवून द्यावी. मऊ पाण्यात वर फेस उभा राहतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. जड पाण्यात फेस लगेच बसतो, पाणी दुधाळ होतं आणि कडेला कण दिसू लागतात. शेजारी दुसऱ्या बाटलीत पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी घेऊन तेच केलं तर फरक ठसठशीत दिसतो. यासाठी साबण खराच हवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड घेऊन ही परीक्षा होत नाही, कारण ती डिटर्जंटं आहेत आणि कॅल्शियमशी अशी कणी धरत नाहीत.

आता भिंतीची परीक्षा. थर साबणाचा आहे की चुनखडीचा, हे व्हिनेगरचा एक थेंब सांगतो. डाग कोरडा असताना त्यावर थेंब टाकावा. बारीक बुडबुडे उठले तर चुनखडी. काहीच हालचाल नाही, पण दहा मिनिटांनी नखाला जागा मऊ लागली, तर साबण. प्रत्यक्षात दोन्ही एकावर एक असतात, विशेषतः नळाच्या आसपास. मात्र हा थेंब टाकण्याआधी फरशी कोणती आहे ते पाहावं लागतं, आणि ही बाब इतकी महत्त्वाची आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी.

भिंतीला लावलेल्या चकचकीत सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर काचेसारखा लेप असतो. व्हिनेगर किंवा लिंबू त्याला काही करत नाही. संगमरवराचं तसं नाही. तो रासायनिकदृष्ट्या त्या तोटीवरच्या खपलीचाच भाऊ आहे, आंबट लागताच विरघळतो आणि चकाकी जाऊन तिथे कायमचा मळकट ठिपका उरतो. आपल्याकडे संगमरवर थोड्या बाथरूममध्ये असतो, पण कोटा आणि शहाबादी घरोघर आहेत, आणि ते दोन्ही चुनखडकच. मोझेक टाइलमध्येही सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. तेव्हा भिंतीला सिरॅमिक आणि खाली शहाबादी अशी जुन्या घरातली नेहमीची जोडी असेल, तर भिंतीवरून ओघळणारं आंबट पाणी फरशीवर साचू न देणं हे अर्धं काम आहे. आधी फरशी भरपूर ओली करावी आणि मध्ये मध्ये तांब्याने पाणी ओतत राहावं.

साफ करण्याच्या द्रवात दोन गोष्टी लागतात. पहिली आंबट. तिचं काम कॅल्शियम काढून घेण्याचं: कॅल्शियम गेलं की मागे मेदाम्ल उरतं, जे मऊ आणि तेलकट असतं. दुसरी, भांडी घासायचं लिक्विड, जे हे तेलकट उरलेलं उचलून पाण्यात घेऊन जातं. पहिलीशिवाय दुसरी चालत नाही, कारण कॅल्शियमने बांधलेल्या थरात डिटर्जंट शिरत नाही. दुसरीशिवाय पहिली वापरली तर भिंत तात्पुरती स्वच्छ दिसते आणि वाळली की पुन्हा पुसट पांढरी होते. लोक मग व्हिनेगरच्या नावाने बोटं मोडतात.

आंबटात दोन पर्याय आहेत. दुकानात मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचं असतं आणि तसंच्या तसं वापरता येतं. दुसरा पर्याय किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे दाणे. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्राम विरघळवलं की साधारण लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी मिळतं. दोघांत निवड करायची झाली तर लिंबूसत्त्व सरस. ते व्हिनेगरपेक्षा तेज आहे, सुटलेल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि बंद बाथरूममध्ये त्याचा वास नाकाला झोंबत नाही. खरे लिंबू पिळून भिंत धुणं मात्र महाग आणि निरर्थक. रसातली साखर आणि गर भिंतीवर राहतो.

आणि खाण्याचा सोडा? त्याची कीर्ती कामापेक्षा मोठी आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. घडतं ते एवढंच, की दोघं एकमेकांना मारतात. शंभर मिलिलिटर व्हिनेगरमधलं सगळं ॲसिड संपवायला जेमतेम सहा-सात ग्राम सोडा, म्हणजे एक भरलेला चमचा पुरतो. उरतं किंचित खारट पाणी. सोडा वापरायचाच तर वेगळा, नंतरच्या फेरीत, थोड्या पाण्यात कालवून घट्ट लेप करून. तेव्हा तो टाइलला ओरखडा न पाडता हलकं घासतो आणि उरलेलं मेदाम्ल काढायला मदत करतो.

समजा पाच फूट बाय सात फुटांचं बाथरूम आहे, भिंतीला सात फुटांपर्यंत चकचकीत पांढरी टाइल, एका कोपऱ्यात शॉवर, टाइलच्या सांध्यांत साधं सिमेंटचं ग्राउट आणि दोन-तीन महिन्यांचा थर. आंघोळी उरकल्यावर लगेच काम सुरू केलेलं बरं, कारण गरम पाण्याने भिंत कोमट आणि थर मऊ झालेला असतो. खिडकी उघडी, पंखा चालू, हातात रबरी मोजे. चष्मा असेल तर तो डोळ्यांवर. लिटरभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात मोठा चमचाभर भांड्यांचं लिक्विड मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरावं. फेस होऊ नये म्हणून लिक्विड शेवटी घालून हळू ढवळावं.

द्रव मारण्याआधी भिंतीवर साध्या पाण्याचे चार-पाच तांबे ओतावेत. हे पाणी ग्राउटसाठी आहे. सिमेंट कोरडं असेल तर आंबट पाणी शोषून घेतं आणि आतून झिजतं. आधीच पाणी प्यायलेलं ग्राउट ते फारसं घेत नाही. पाणी निथळलं की स्प्रे मारायचा, पण खालून वर. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या थरावर उतरतात, तिथे आधी काम करतात आणि पट्टे पडतात. मग पंधरा मिनिटं थांबायचं. जे लोक ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात त्यातले बरेचसे इथे थांबलेलेच नसतात. मारलं आणि घासलं. तेवढ्या वेळात भिंत वाळू लागली तर पुन्हा हलका स्प्रे मारावा, कारण वाळलेलं ॲसिड काम करत नाही, उलट नवा डाग होऊन बसतं. नळ आणि शॉवरवर उडालेलं पाणी मात्र दहा मिनिटांच्या आत धुऊन टाकावं. सोनेरी किंवा अँटिक फिनिशच्या फिटिंगवर कापड गुंडाळून ठेवलेलं उत्तम.

घासायला मऊ नायलॉनचा ब्रश किंवा पांढरी घासणी. भांड्यांची हिरवी घासणी नको. तिच्यात कुरुंदासारखी कठीण पूड असते आणि ती काच, क्रोम आणि चकचकीत टाइलवर बारीक ओरखडे सोडते. पुढचा थर त्या ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो. तारेची घासणी तर मुळीच नाही, तिचे तुकडे सांध्यांत अडकून गंजाचे ठिपके उठवतात. घासताना जोर लागत असेल तर समजावं की थर अजून तयार झालेला नाही. हाताने भांडण्याऐवजी पुन्हा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबावं. मऊ झालेला थर ब्रशखाली आधी लोण्यागत पसरतो आणि मग पाण्यात दुधाळ होऊन उतरतो. तो दुधाळ ओघळ दिसला की काम होतंय.

आता वरून खाली भरपूर पाणी. आणि मग दुसरी, छोटी फेरी: आंबटाशिवाय, फक्त कोमट पाण्यात चमचाभर लिक्विड घेऊन सगळी भिंत एकदा पुसून धुवायची. पहिल्या फेरीत सुटलेलं मेदाम्ल या फेरीत जातं. हट्टी जागी, बहुतेक साबणदाणीच्या खाली आणि कोपऱ्यात, सोड्याचा लेप. शेवटी रबरी वायपरने पाणी ओढून घ्यावं. ही शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात. पण धुतलेलं पाणीही जडच असतं. ते भिंतीवर वाळू दिलं तर क्षार पुन्हा तिथेच. त्याच कारणाने आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी भिंत धुवायला वापरू नये. पाण्याच्या काटकसरीपोटी पुष्कळ घरांत ते बादलीत साठवून बाथरूमला वापरतात, पण यंत्राने गाळून टाकलेले क्षार सगळे त्याच पाण्यात असतात. फरशीला किंवा संडासात ओतायला ठीक, भिंतीला नाही.

भिंत खरोखर स्वच्छ झाली की नाही, हे रंगावरून ठरवू नये. त्यावर पाणी टाकून बघावं. कॅल्शियमचा साबण पाण्याला दूर लोटतो, म्हणून थर असलेल्या टाइलवर पाण्याचे थेंब गोल होऊन बसतात. उघड्या, स्वच्छ लेपावर पाणी सपाट पसरतं आणि सलग पडद्यासारखं खाली येतं. कुठे थेंब उभे राहिले तर तेवढीच जागा पुन्हा घ्यावी. रात्री मोबाईलचा टॉर्च भिंतीला समांतर धरला तर राहिलेले पुसट पट्टे स्पष्ट दिसतात.

कोटा, शहाबादी किंवा संगमरवर असेल तर हा सगळा मार्ग बंद. तिथे अल्कलीने जायचं. अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून त्या पाण्याने जागा भिजवत राहायची आणि वीस मिनिटांनी ब्रशने घासायची. काम हळू होतं, पहिल्या वेळी अर्धंच निघतं, दोन-तीन आठवडे धरून राहावं लागतं. धुण्याचा सोडा हात चरचरवतो, तेव्हा मोजे इथेही हवेतच. ॲल्युमिनियमची चौकट असेल तर तिच्यावर तो जाऊ देऊ नये, ती काळवंडते.

‘एवढं कोण करत बसणार, ॲसिड टाका, चकाचक होतं,’ हा सल्ला प्रत्येक इमारतीत मिळतो. गल्लीत फिनाईलवाल्याकडे मिळणारं ते ‘ॲसिड’ हे बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲसिडहल्ल्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी प्लास्टिकच्या बाटल्यांत ते अजून फिरताना दिसतं. ते चुना झटक्यात खातं, यात वाद नाही; पण सांध्यांतलं सिमेंटही त्याच झटक्यात खातं, त्याच्या वाफेने नळाचा मुलामा काळा पडतो, आणि थरातली चरबी मात्र जागच्या जागी राहते. टाइलमागे पाणी मुरू लागलं, खालच्या घराच्या छताला ओल आली, की तेव्हा कोणाला हा चकाचकपणा आठवत नाही.

याहून गंभीर धोका मिश्रणाचा. ब्लीच, ब्लीचिंग पावडर आणि कोणतंही आंबट, मग ते संडासाच्या बाटलीतलं ॲसिड असो की साधं व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व असो, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन. पाच बाय सातच्या खोलीत दरवाजा लोटून घेतलेल्या माणसाला हे वायू पटकन गाठतात: डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, खोकल्याची उबळ येते. असं झालं तर त्यावर आणखी काही ओतून ‘विझवायचा’ प्रयत्न न करता तडक बाहेर पडावं, खिडक्या-दारं उघडावीत, आणि श्वास लागत असेल तर दवाखाना गाठावा. काळ्या बुरशीसाठी ब्लीच लागतंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, आणि भिंत आधी नुसत्या पाण्याने नीट धुतल्यावर. लिंबूसत्त्वाचं पाणी सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणं हाही घात आहे. दिसायला ते पाणीच असतं. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाताच्या वर ठेवावी.

एकदा भिंत उघडी झाली की पुढचं काम फारच हलकं आहे, कारण ताजा थर सैल असतो. तीन-चार दिवसांचा थर अजून पुरता वाळून घट्ट झालेला नसतो, त्याला डिटर्जंट पुरतं. म्हणून रोजची सवय एवढीच: शेवटी आंघोळ करणाऱ्याने भिंतीवर दोन तांबे साधं पाणी मारायचं आणि वायपर वरून खाली ओढायचा. मिनिटभराचं काम. वायपर बाथरूममध्येच टांगलेला असला पाहिजे. तो गॅलरीत असेल तर ही सवय तिसऱ्या दिवशी मोडते. नंतर दार उघडं ठेवायचं.

आठवड्याचं काम दहा-बारा मिनिटांचं. रविवारी आंघोळीनंतर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रश, आंघोळीच्या पट्ट्यावर एक हात, साबणदाणी आणि बादलीसकट. मग धुणं आणि वायपर. महिन्यातल्या तीन रविवारी एवढंच. चौथ्या रविवारी भिंत आधी ओली करून लिंबूसत्त्वाचं पाणी, पण निम्म्या ताकदीचं, म्हणजे लिटरला २५ ग्राम, आणि दहा मिनिटं. दर आठवड्याला आंबट मारण्याचा उत्साह नको; ग्राउटला तो महागात पडतो. शॉवरला प्लास्टिकचा पडदा असेल तर त्याची खालची दुमड याच दिवशी धुवावी. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २००४ मध्ये शॉवरच्या पडद्यांवरचा असा थर तपासला, तेव्हा त्यात मेथिलोबॅक्टेरियम आणि स्फिंगोमोनास या जिवाणूंचं दाट राज्य आढळलं. मेथिलोबॅक्टेरियम गुलाबीसर रंगाचा असतो. निरोगी माणसाने त्याला घाबरून जायचं कारण नाही, पण प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण घरात असेल तर ही दुमड विसरू नये.

थर मुळातच कमी व्हावा म्हणून साबण बदलणं हा सरळ उपाय आहे, आणि इथे एक गंमत दडलेली आहे. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम नावाचा आकडा असतो; तो एकूण मेदांशाचा. भारतीय मानकात पहिल्या श्रेणीच्या अंगाच्या साबणाला हा किमान ७६ टक्के हवा. त्वचेसाठी तो आकडा जास्त असणं चांगलं मानतात, पण जड पाण्यात थराचा कच्चा मालही तोच असतो. डिटर्जंटवर आधारलेलं बॉडीवॉश थर धरत नाही. मात्र बाटली पातळ आहे एवढ्यावर फसू नये. घटकांत पोटॅशियमच्या नावाने मेदाम्लांचे क्षार लिहिलेले असतील तर तो पातळ साबणच आहे आणि भिंतीवर तसाच बसेल. शॉवरच्या तोंडाशी लावायच्या छोट्या फिल्टरांबद्दलही तेच. त्यातले बहुतेक क्लोरीन कमी करतात, जडपणा नाही. जडपणा काढायला मीठ भरावं लागणारं, सोडियम देऊन कॅल्शियम घेणारं सॉफ्टनर लागतं. ते काम चोख करतं, पण एका बाथरूमसाठी त्याचा खर्च आणि देखभाल परवडते का, हे घरोघर वेगळं ठरेल. सोसायटीच्या टाकीला एकच मोठं यंत्र बसवणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं असतं.

काचेच्या पार्टिशनला मात्र उशीर चालत नाही. थर आणि चुनखडी वर्षानुवर्षं राहिली तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला जातो. आंबटाची आणि लिक्विडची फेरी दोनदा नीट करूनही काच ओली असताना स्वच्छ आणि वाळली की पुन्हा धुरकट दिसत असेल, बोटाला मात्र काही लागत नसेल, तर तिथे काढण्यासारखं काही उरलेलं नाही. काच झिजली आहे. पॉलिश करणारे कारागीर थोडाफार फरक पाडतात, नाहीतर काच बदलावी लागते.

महिन्यातून एकदाच आंबट हे वेळापत्रक सगळीकडे, सगळ्या ऋतूंत सारखं बसत नाही. टँकर रोज वेगळ्या विहिरीचं पाणी आणू शकतो, आणि बोअरचं पाणी मे महिन्यात जितकं जड असतं तितकं भरपूर पावसानंतर बहुधा राहत नाही. म्हणून ती साबणाच्या किसाची बाटली उन्हाळ्यात एकदा आणि सप्टेंबरात एकदा हलवून बघावी. मे महिन्यात पाणी दुधाळ झालं तर लिंबूसत्त्वाची फेरी महिन्यातून दोनदा करावी लागेल. सप्टेंबरात फेस टिकला तर दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरेल.